दुधाळ गाईचा आहार : हिरवा चारा, कडबा आणि खुराक यांचा हिशेब

दुधाळ गाईच्या गव्हाणीत रोज तीन प्रकारच्या वस्तू पडतात. हिरवा चारा, वाळलेला चारा आणि खुराक. लहान शेतकऱ्याच्या गोठ्यात या तिघांचे प्रमाण बहुतेक वेळा सवयीने ठरते. शेतात जे असेल ते कापून टाकायचे, कडबा उरला असेल तोवर घालायचा आणि दूध कमी झाले की पेंड वाढवायची. अशा आहाराने गाईचे पोट भरते, पण तिला जे हवे ते मिळालेच असे नाही. संतुलित आहार म्हणजे गाईच्या शरीराला आणि दुधाला लागणारे घटक तिच्या पोटात मावेल एवढ्याच चाऱ्यातून, योग्य प्रमाणात आणि परवडणाऱ्या खर्चात मिळतील अशी मांडणी. ही मांडणी साध्या बेरीज-गुणाकाराने करता येते. त्यासाठी तीन गोष्टींचा हिशेब ठेवावा लागतो : शुष्क पदार्थ, प्रथिने आणि ऊर्जा.

तीन मापे

चाऱ्यातले पाणी वजा केल्यावर जे उरते तो शुष्क पदार्थ. ताज्या कापलेल्या संकरित नेपियर गवतात किंवा लसूणघासात सुमारे ८० टक्के पाणी असते. म्हणजे ५ किलो हिरव्या चाऱ्यात शुष्क पदार्थ जेमतेम १ किलो. कडब्यात आणि खुराकात मात्र पाणी १० टक्क्यांच्या आसपासच असते. म्हणूनच हिरव्या चाऱ्याचा एक भारा आणि कडब्याची एक पेंढी यांची तुलना नुसत्या वजनावर करता येत नाही. चाऱ्यातला शुष्क पदार्थ घरीही मोजता येतो. १ किलो कुट्टी पातळ पसरून कडक उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवावी आणि पुन्हा तोलावी. उन्हात वाळलेल्या चाऱ्यातही थोडे पाणी राहतेच, त्यामुळे आलेल्या वजनातून दहावा भाग कमी धरावा.

शुष्क पदार्थाचे महत्त्व दुहेरी आहे. सगळे पोषक घटक त्यातच असतात आणि गाय किती खाऊ शकेल याची मर्यादाही त्यावरूनच ठरते. दुधाळ संकरित गाय साधारणपणे आपल्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के शुष्क पदार्थ खाते. ४०० किलोच्या गाईसाठी ही मर्यादा १० ते १२ किलो येते. या मर्यादेत जे बसत नाही ते कागदावर कितीही चांगले दिसले तरी गव्हाणीत उरते.

दुसरे माप प्रथिनांचे. दुधातली प्रथिने चाऱ्यातल्या प्रथिनांपासूनच तयार होतात. त्याशिवाय गाईच्या कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांनाही प्रथिने लागतात. चाऱ्यातला तंतुमय भाग हेच सूक्ष्मजीव पचवतात. त्यांना प्रथिने कमी पडली की त्यांची संख्या घटते, कडबा पोटात जास्त वेळ पडून राहतो आणि गाय कमी खाऊ लागते.

तिसरे माप ऊर्जेचे. भारतात ते बहुधा ‘एकूण पचनीय पदार्थ’ या नावाने किलोत मोजतात. चाऱ्याचा जेवढा भाग पचून अंगी लागतो तेवढा पचनीय भाग, असा त्याचा सोपा अर्थ. पुढे त्यालाच ‘पचनीय पदार्थ’ म्हटले आहे.

गाईची गरज किती

गाईची गरज दोन भागांत मोजतात. पहिला भाग शरीरपोषणाचा. गाय दूध देत नसली तरी चालणे, श्वास घेणे, शरीराची झीज भरून काढणे यासाठी तो लागतो. ४०० किलो वजनाच्या पूर्ण वाढलेल्या गाईला त्यासाठी दिवसाला सुमारे ३२० ग्रॅम प्रथिने आणि ३.१ किलो पचनीय पदार्थ लागतात. दुसरा भाग दुधाचा. ३.५ फॅटच्या प्रत्येक लिटर दुधामागे सुमारे ८५ ग्रॅम प्रथिने आणि ३०० ग्रॅम पचनीय पदार्थ लागतात. दुधाला फॅट जास्त असेल तर हे आकडे थोडे वाढतात. पहिल्या वेताची गाय अजून वाढत असते, म्हणून तिचा शरीरपोषणाचा भाग पाचव्या हिश्श्याने जास्त धरावा. दुसऱ्या वेतात दहाव्या हिश्श्याने जास्त धरला तरी पुरे.

गोठ्यात वजनकाटा नसला तरी टेपने वजनाचा अंदाज घेता येतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत मोजावा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीजवळच्या ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणून, मग लांबीने गुणून ६६० ने भागले की किलोत वजन येते. घेर ६६ इंच आणि लांबी ६० इंच असेल तर वजन ३९६ किलो, म्हणजे सुमारे ४०० किलो.

अशी एक गाय उदाहरणासाठी घेऊ. होल्स्टीन संकरित, तिसरे वेत, व्यायल्याला दोन महिने झालेले, रोजचे दूध १२ लिटर, फॅट ३.५. तिची गरज अशी : प्रथिने ३२० अधिक १२ गुणिले ८५, म्हणजे १,३४० ग्रॅम. पचनीय पदार्थ ३.१ अधिक १२ गुणिले ०.३, म्हणजे ६.७ किलो. आणि हे सगळे १२ किलो शुष्क पदार्थात बसले पाहिजे.

चाऱ्यात काय असते

पश्चिम महाराष्ट्रातल्या बागायती पट्ट्यात सहज मिळणाऱ्या काही वस्तूंमधले घटक पुढे दिले आहेत. आकडे १ किलो वस्तू जशी गाईपुढे पडते तशा स्थितीतले आहेत. ते सरासरी आहेत. जमीन, खत आणि कापणीचे वय यांनुसार त्यांत फरक पडतो.

| १ किलोमध्ये | शुष्क पदार्थ (ग्रॅम) | प्रथिने (ग्रॅम) | पचनीय पदार्थ (ग्रॅम) |
|---|---|---|---|
| संकरित नेपियर | २०० | १६ | ११० |
| लसूणघास | २०० | ४० | १२० |
| मक्याचा मुरघास | ३०० | २४ | १९० |
| ज्वारीचा कडबा | ९०० | ३५ | ४५० |
| गव्हाचे काड | ९०० | २७ | ३७० |
| मका भरडा | ९०० | ८० | ७५० |
| संतुलित खुराक | ९०० | १८० | ६५० |

या आकड्यांवरून चाऱ्याचे स्वभाव कळतात. नेपियर, मका, ज्वारी ही एकदल पिके. ती भरपूर चारा देतात, पण त्यांत प्रथिने कमी असतात. लसूणघास, बरसीम, चवळी ही द्विदल पिके. त्यांत प्रथिने एकदल चाऱ्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतात आणि कॅल्शियमही चांगले असते. कडबा पोट भरतो, रवंथ घडवतो आणि बऱ्यापैकी ऊर्जा देतो, पण प्रथिनांच्या बाबतीत तो गरीब आहे. मका भरड्यात ऊर्जा खूप आणि प्रथिने थोडी. खुराकात दोन्ही भरपूर असतात, पण सर्वांत महागही तोच.

नेहमीचा आहार कुठे कमी पडतो

उदाहरणातल्या गाईला रोज २५ किलो नेपियर, ४ किलो कडबा आणि २ किलो खुराक मिळतो असे धरू. अनेक गोठ्यांत असेच काहीसे प्रमाण असते. नेपियरमधून ४०० ग्रॅम, कडब्यातून १४० ग्रॅम आणि खुराकातून ३६० ग्रॅम अशी मिळून ९०० ग्रॅम प्रथिने होतात. पचनीय पदार्थ अनुक्रमे २.७५, १.८ आणि १.३ किलो, म्हणजे एकूण ५.८५ किलो.

आता या आहारावर किती दूध निघू शकते ते पाहता येते. प्रथिनांतून शरीरपोषणाचे ३२० ग्रॅम वजा केले की ५८० ग्रॅम उरतात. त्यांना ८५ ने भागले तर उत्तर ७ लिटरच्या थोडे आत येते. पचनीय पदार्थांतून ३.१ किलो वजा करून उरलेल्याला ०.३ ने भागले तर ९ लिटरच्या थोडे वर येते. दोन उत्तरांपैकी लहान उत्तर खरे. ऊर्जा ९ लिटरची असली तरी प्रथिने ७ लिटरची असल्याने टिकाऊ दूध ७ लिटरच्या आसपासच राहील.

व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ही तूट दिसत नाही. गाय स्वतःच्या अंगावरची चरबी आणि मांस वितळवून १२ लिटर दूध देत राहते. मग बरगड्या दिसू लागतात, कंबरेची हाडे वर येतात आणि दूध घसरू लागते. वेताच्या मध्यापर्यंत टिकायला हवे ते दूध तिसऱ्या महिन्यातच ७-८ लिटरवर येते आणि गाय वेळेवर माजावर येत नाही.

अशा वेळी अनेकदा मका भरडा वाढवला जातो. १ किलो भरड्याने पचनीय पदार्थ ६.६ किलोपर्यंत पोचतात, म्हणजे ऊर्जा जवळपास १२ लिटरची होते. प्रथिने मात्र ९८० ग्रॅमच होतात आणि ती ८ लिटरलाही पुरत नाहीत. जास्तीची ऊर्जा दुधात न जाता अंगावर चढते. खर्च झाला, पण कमी होते ते भरून निघाले नाही. म्हणून आहारात काहीही वाढवण्याआधी नेमके काय कमी आहे ते पाहावे लागते.

चाऱ्यापासून सुरुवात

आहार बसवताना आधी चारा ठरवायचा आणि उरलेली तूट खुराकाने भरायची, हा क्रम महत्त्वाचा आहे. चारा चांगला असेल तर खुराक कमी लागतो. चारा कमकुवत असेल तर खुराक कितीही वाढवला तरी एका मर्यादेनंतर तो पचत नाही.

वरच्या आहारातल्या ५ किलो नेपियरऐवजी १० किलो लसूणघास घेऊन कडबा अर्ध्या किलोने कमी करू. आता चारा असा : २० किलो नेपियर, १० किलो लसूणघास, साडेतीन किलो कडबा. प्रथिने ३२०, ४०० आणि सुमारे १२२, म्हणजे ८४२ ग्रॅम. पचनीय पदार्थ २.२, १.२ आणि १.५७, म्हणजे सुमारे ४.९७ किलो. शुष्क पदार्थ ४, २ आणि ३.१५, म्हणजे ९.१५ किलो.

शरीरपोषण वजा केल्यावर या चाऱ्यातली प्रथिने ६ लिटर दुधाला पुरतात आणि ऊर्जाही ६ लिटरलाच पुरते. दोन्ही उत्तरे जुळली, म्हणजे चारा संतुलित झाला. खुराकाचा एक कणही न घालता ही गाय स्वतःला सांभाळून ६ लिटर दूध देऊ शकते. याउलट आधीच्या चाऱ्यावर, म्हणजे नुसत्या नेपियर-कडब्यावर, प्रथिने अडीच लिटरच्या आसपासच दुधाला पुरत होती.

आता उरलेले ६ लिटर खुराकातून मिळवायचे. १ किलो खुराकात १८० ग्रॅम प्रथिने आणि ६५० ग्रॅम पचनीय पदार्थ आहेत. दोन्हींच्या हिशेबाने १ किलो खुराक २ लिटर दुधाला पुरतो. म्हणजे ३ किलो खुराक. एकूण बेरीज अशी होते : प्रथिने १,३८२ ग्रॅम, पचनीय पदार्थ ६.९२ किलो, शुष्क पदार्थ ११.८५ किलो. तिन्ही अटी पूर्ण झाल्या आणि थोडी शिल्लकही राहिली. गव्हाणीत थोडा चारा वाया जातो, त्यामुळे ही शिल्लक लागतेच.

लसूणघास नसता तर २५ किलो नेपियर आणि ४ किलो कडबा यांच्या जोडीला प्रथिनांची गरज भागवण्यासाठी सुमारे साडेचार किलो खुराक लागला असता. शिवाय शुष्क पदार्थ १२.६ किलोंच्या वर गेला असता आणि गाईने तेवढा खाल्लाच नसता. म्हणजे १० किलो लसूणघासाने दिवसाला दीड किलो खुराक वाचतो. आपल्या गावातल्या खुराकाच्या भावाने या दीड किलोची किंमत काढली की लसूणघास लावणे परवडते का याचे उत्तर प्रत्येकाला स्वतःच मिळते.

हाच हिशेब दूध वाढले-घटले तरी चालतो. चारा तोच ठेवून ६ लिटरच्या वरच्या दर २ लिटरला १ किलो खुराक. ८ लिटरला १ किलो, १० लिटरला २ किलो, १२ लिटरला ३ किलो. त्यापुढे मात्र शुष्क पदार्थाची मर्यादा आडवी येते. खुराक वाढला की गाय चारा कमी खाते आणि चाऱ्यातून मिळणाऱ्या ६ लिटरचे गणित मोडते. १८-२० लिटरच्या गाई सहसा वजनाने मोठ्या असतात आणि जास्त खातात, त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. त्यांच्याही आहारात शुष्क पदार्थाचा किमान ४० टक्के भाग चाऱ्याचा असलाच पाहिजे.

कापणीचे वय आणि जमिनीचा हिशेब

तक्त्यातले आकडे योग्य वयात कापलेल्या चाऱ्याचे आहेत. नेपियरची पहिली कापणी लावणीनंतर साधारण दोन ते सव्वादोन महिन्यांनी आणि पुढच्या कापण्या दीड महिन्याच्या अंतराने करतात. गवत डोक्याएवढे होऊन भारा मोठा मिळेल म्हणून कापणी लांबवली की खोड जून होते, प्रथिने झपाट्याने उतरतात आणि गाय खोडाचे तुकडे गव्हाणीतच सोडते. भाऱ्याचे वजन वाढते, पण दुधाला त्याचा उपयोग कमी होतो. लसूणघासाची कापणी थोडी फुले दिसू लागताच करावी. पहिली कापणी पेरणीनंतर सुमारे दोन महिन्यांनी आणि नंतर महिन्याच्या आत-बाहेर एक. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेले नेपियरचे ‘फुले जयवंत’ आणि लसूणघासाचे ‘आरएल-८८’ हे वाण महाराष्ट्रात चांगलेच रुजले आहेत.

पाणी आणि शेणखत व्यवस्थित असेल तर एका गाईला वरच्या प्रमाणात वर्षभर पुरेल एवढे नेपियर साधारण ५ गुंठ्यांत आणि लसूणघास तेवढ्याच क्षेत्रात निघतो. दोन गाईंना अर्धा एकर धरला तर उरलेल्या क्षेत्रात मका घेऊन मुरघास करता येतो. मुरघासाची गरज पडतेच, कारण थंडीत नेपियरची वाढ मंदावते आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्याने लसूणघास खराब होतो, तेव्हा त्याची जागा चवळी घेऊ शकते.

अदलाबदल नेहमी शुष्क पदार्थावर करावी. २० किलो नेपियरमध्ये ४ किलो शुष्क पदार्थ असतो. मक्याच्या मुरघासात तेवढा शुष्क पदार्थ १३ किलोंत मिळतो. प्रथिने जवळपास तेवढीच राहतात आणि ऊर्जा थोडी वाढते. मुरघास २० किलोच घातला तर गाईला ६ किलो शुष्क पदार्थ मिळेल आणि बाकीचा आहार उरेल. कडबा संपून गव्हाचे काड घालायची वेळ आली तर साडेतीन किलोंच्या जागी तेवढेच काड घातल्याने जवळपास १ लिटर दुधाची ऊर्जा कमी होते. त्या दिवसांत खुराक पाव ते अर्धा किलो वाढवावा.

उसाच्या पट्ट्यात गळीत हंगामात वाढे मुबलक मिळतात. त्यांना नेपियरच्या जागी पूर्णपणे धरणे चूक आहे. वाढ्यांत प्रथिने नेपियरपेक्षा कमी असतात. त्यांतले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे चाऱ्यातले कॅल्शियम गाईच्या अंगी लागत नाही. वाढे द्यायचे तर निम्म्या हिरव्या चाऱ्यापुरते द्यावेत आणि सोबत द्विदल चारा व खनिज मिश्रण असावेच.

खुराक घरी बनवताना

बाजारातली गोळी पेंड घेतली तर पोत्यावर छापलेले प्रथिनांचे प्रमाण पाहावे. दुधाळ गाईसाठी ते २० टक्क्यांच्या आसपास असावे. नुसती सरकी पेंड किंवा नुसता भुसा म्हणजे संतुलित खुराक नव्हे. घरी १०० किलो खुराक बनवायचा असेल तर मका भरडा ३५ किलो, शेंगदाणा पेंड २०, सरकी पेंड १५, गव्हाचा कोंडा १७, तूर चुनी १०, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो हे प्रमाण तक्त्यातल्या आकड्यांच्या जवळ जाते. यात मका ऊर्जा देतो, पेंडी प्रथिने देतात आणि कोंडा-चुनी मिश्रण हलके ठेवतात. एखादी वस्तू महाग झाली तर तिच्या जागी तशाच गुणाची दुसरी घ्यावी. पेंडीच्या जागी पेंड, धान्याच्या जागी धान्य.

पेंड घेताना ती मोडून पाहावी. कुबट वास, आतली हिरवट-काळी बुरशी किंवा गोळे धरलेले असतील तर ती पेंड गाईला घालू नये. बुरशीमुळे तयार होणारे अफ्लाटॉक्सिन गाईच्या यकृताला अपाय करते आणि दुधातही उतरते. पोती जमिनीला न टेकवता फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर ठेवावीत.

वरच्या मिश्रणाच्या ३ किलोंतून गाईला रोज ६० ग्रॅम खनिज मिश्रण मिळते. पेंड नुसती विकत आणून घालत असल्यास ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ वेगळे द्यावे. खडे मीठ खनिज मिश्रणाची जागा घेऊ शकत नाही, कारण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस नसतात.

गव्हाणीत घालण्याची पद्धत

कागदावर बरोबर आलेला आहार घालण्याच्या पद्धतीमुळे बिघडू शकतो. कोठीपोटातले सूक्ष्मजीव ठरावीक आम्लतेत काम करतात. गाय रवंथ करते तेव्हा भरपूर लाळ पोटात जाते आणि लाळेतले क्षार आम्ल मारतात. एकाच वेळी खूप धान्य पोटात गेले तर आम्ल वेगाने तयार होते आणि लाळ त्याला पुरी पडत नाही. म्हणून ३ किलो खुराक सकाळी दीड आणि संध्याकाळी दीड असा द्यावा. सकाळी उपाशी पोटी खुराकाने सुरुवात न करता आधी थोडा चारा घालावा.

नेपियर, लसूणघास आणि कडबा यांची कुट्टी करून एकत्र मिसळली की गाय पाला निवडून खोड सोडत नाही आणि चारा कमी वाया जातो. कुट्टी दोन-तीन सेंटिमीटर लांब असावी. अगदी बारीक केली तर गाय रवंथ कमी करते. कोवळा, दव पडलेला लसूणघास एकटा भरपूर घातला तर पोटफुगी होते. तो कापून काही तास सुकू द्यावा आणि कडब्यात मिसळूनच घालावा. फुलोऱ्याआधीची कोवळी ज्वारी, त्यातही पाण्याचा ताण बसलेली, गाईला घालू नये. तिच्यातल्या विषारी घटकाने गाय काही मिनिटांत दगावू शकते.

जुन्या आहारावरून नव्यावर जाताना १० ते १५ दिवस लावावेत. पहिल्या दोन-तीन दिवसांत लसूणघास २-३ किलो आणि मग दर दोन दिवसांनी थोडा थोडा वाढवत १० किलोंपर्यंत न्यावा. खुराकही दर तीन-चार दिवसांनी पाव किलोनेच वाढवावा. नव्या चाऱ्याला लागणारे सूक्ष्मजीव पोटात वाढायला एवढा वेळ लागतोच.

पाणी आहाराच्या हिशेबात दिसत नाही, पण १२ लिटरच्या गाईला दिवसाला ६० ते ८० लिटर आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त पाणी लागते. पाणी कमी मिळाले की गाय शुष्क चारा कमी खाते आणि दूध त्याच दिवशी उतरते. दिवसातून दोनदा दाखवण्यापेक्षा पाणी सतत समोर असावे.

आहार बसला की नाही हे कसे कळते

पहिली खूण गव्हाणीत मिळते. सकाळी मूठ-दोन मुठी चारा उरलेला असावा. गव्हाण चाटून साफ असेल तर गाईला आणखी चारा हवा होता. चांगला ढीग उरत असेल तर काय उरले ते पाहावे. नुसती खोडे उरत असतील तर चारा जून आहे किंवा कुट्टी लांब आहे.

दुसरी खूण रवंथ. खाऊन बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून जास्त गाई रवंथ करत असल्या पाहिजेत. दिवसभरात गाय सात-आठ तास रवंथ करते. ते कमी झाले तर चाऱ्यातला तंतुमय भाग कमी किंवा खुराक जास्त झाला आहे.

तिसरी खूण शेण. संतुलित आहारावर शेणाचा पो पसरट, मध्ये किंचित खोल आणि थोडा घट्ट पडतो. शेण कोरडे, थरांचे आणि टणक असेल तर प्रथिने किंवा पाणी कमी आहे. पातळ, फेसाळ असेल तर खुराक जास्त आहे. शेणात मक्याचे अखंड दाणे दिसत असतील तर भरडा जाड आहे.

चौथी खूण डेअरीच्या पावतीवर असते. फॅट अचानक ३.५ च्या खाली गेले आणि दूध तेवढेच असेल तर गाय चारा कमी आणि खुराक जास्त खात आहे, असा बहुधा त्याचा अर्थ होतो. एसएनएफ सतत ८.५ च्या खाली राहत असेल तर सहसा ऊर्जा कमी पडत असते. एका दिवसाच्या पावतीवर निर्णय घेऊ नये. आठवडाभराची सरासरी पाहावी.

पाचवी खूण गाईच्या अंगावर दिसते, पण ती सावकाश उमटते. व्यायल्यानंतर पहिले दीड-दोन महिने गाय थोडी बारीक होते. दूध त्या काळात सर्वाधिक असते आणि भूक मात्र त्यानंतर वाढते, त्यामुळे हे अटळ आहे. तीन महिन्यांनंतरही ती बारीक होत असेल तर ऊर्जा कमी आहे. दूध उतरत असताना अंग भरत असेल तर प्रथिने कमी आणि ऊर्जा जास्त आहे. वेताच्या शेवटी आणि भाकड काळात गाय जाड होऊ नये, पण गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत पोटातल्या वासराची वाढ वेगाने होते. त्या काळात दूध नसले तरी चाऱ्यासोबत १ ते दीड किलो खुराक चालू ठेवावा.

आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने आहार संतुलनाच्या कार्यक्रमातून हाच हिशेब संगणकावर करून देणारी व्यवस्था गावोगावी पोचवली आहे. तिच्यात गाईचे वजन, दूध, फॅट आणि उपलब्ध चारा भरला की सर्वांत कमी खर्चाचा आहार मिळतो. तिथेही आधी चारा मोजायचा आणि मग तूट भरायची, हाच क्रम आहे. वहीत हिशेब करताना गाईचे दूध, कापणीचे वय किंवा चाऱ्याचा प्रकार बदलला की आकडे पुन्हा मांडावे लागतात. दर पंधरवड्याला एकदा केलेला हा हिशेब लहान गोठ्याला पुरतो.